ब्लेडच्या फटीतला लेझर: फोरियर ट्रान्सफॉर्म आडवा दिसतो, मग उभा का दिसत नाही?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवते. मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी स्वतः फट बनवून डिफ्रॅक्शन करून बघितलं. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे, काड्यापेटीचं कव्हर आणि सेलोटेप, एवढंच सामान. लाल लेझर पॉइंटर, लेबलवर 650 नॅनोमीटर. भिंत फटीपासून बरोबर 3 मीटर. त्यात लाईट गेलेली, त्यामुळे खोली आपोआप अंधारी झाली आणि पॅटर्न इतका सुंदर दिसला की शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधली पोरंही बघायला आली.

मधल्या उजळ पट्टीची रुंदी, म्हणजे डावीकडच्या पहिल्या काळ्या जागेपासून उजवीकडच्या पहिल्या काळ्या जागेपर्यंत, 26 मिलिमीटर भरली. λ तरंगलांबी, D भिंतीचं अंतर आणि a फटीची रुंदी धरून मुलींनी λD/a च्या सूत्रात 26 घातले आणि a 0.075 मिमी काढली. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली मात्र ती 0.15 निघाली. ही चूक माझ्या लक्षात आली आणि त्यांनाही सांगितली: सूत्रातलं अंतर मध्यापासून मोजायचं, म्हणजे 13 मिमी. मग a बरोबर 0.15 येतं.

मी अडकले ते पुढच्या प्रश्नावर. एकीने विचारलं, "मॅडम, पुस्तकात दिलंय की दूरचा पॅटर्न म्हणजे छिद्राचा फोरियर ट्रान्सफॉर्म. आपली फट तर आयत आहे, 0.15 मिमी रुंद आणि 4 मिमी उंच. मग उभ्या दिशेलाही बारीक बारीक पट्ट्या का नाहीत?" खरंच नव्हत्या. उभ्या दिशेला प्रकाश जवळपास फटीएवढाच उंच होता, साधी सावली पडावी तसा. मी तिला "उद्या सांगते" म्हणाले. फोरियर एका बाजूला लागू पडतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं कसं?

परभणीची_लेक
फोटो टाका ना ताई.

गोदाकाठ
सोपं आहे मॅडम. छिद्र तरंगलांबीएवढं बारीक असेल तेव्हाच डिफ्रॅक्शन होतं. 0.15 मिमी बारीक आहे म्हणून आडवं झालं. 4 मिमी म्हणजे प्रकाशाच्या मानाने दरवाजाच, त्यामुळे तिथे डिफ्रॅक्शनच होत नाही. बारावीला हेच शिकवतात.

मांजराकाठ
@गोदाकाठ, मीही आधी हेच म्हणणार होते. पण मग 0.15 मिमी तरी कुठे तरंगलांबीएवढं आहे? त्यात लाल प्रकाशाच्या 230 तरंगलांब्या बसतात. आणि तरी पट्ट्या स्पष्ट दिसतात.

ज्वारीचं_कणीस
माझं शिक्षण आयटीआयपर्यंतच, तरी विचारतो. फोरियर म्हणजे आवाजातले वेगवेगळे सूर वेगळे करायचे, इक्वलायझरवर दिसतात तसे, बरोबर ना? मग लेझरमध्ये तर एकच रंग. त्यातून काय वेगळं काढणार? तुम्ही उन्हाचा कवडसा घेऊन बघा की, इंद्रधनुष्य पडंल. मला तर वाटायलंय प्रयोगच चुकीच्या उजेडावर केला.

निवृत्त_मास्तर
@ज्वारीचं_कणीस, तुमचा प्रश्न चांगला आहे, कारण निम्मा वर्ग याच ठिकाणी अडखळतो. इक्वलायझरमध्ये काळाबरोबर होणारी कंपनं वेगळी काढतात. इथे काळाचा संबंध नाही. लेझरचा रंग एकच राहतो, तुम्ही म्हणता ते खरं. इथे उकल होते ती जागेची, म्हणजे फटीच्या आकाराची. भिंतीवरचा एकेक बिंदू फटीला विचारतो, "तुझ्यात एवढ्या लांबीची लहर किती आहे?" मधल्या बिंदूजवळ लांब लहरींचं उत्तर मिळतं, कडेला बारीक लहरींचं.

मांजराकाठ ताई, आता तुमच्या मुलीकडे वळतो. तिला माझा आशीर्वाद सांगा. तीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न मला दोघातिघांनीच विचारला असेल.

आधी तुमच्याच आकड्यांवर आडवी दिशा बघू. फटीची रुंदी मनात बारा भागांत तोडा आणि प्रत्येक भागातून निघणाऱ्या लहरीसाठी एक बाण काढा. भिंतीवर मध्यापासून 13 मिमी बाजूला उभे राहा. 3 मीटरवर 13 मिमी म्हणजे कोन अगदी लहान, sinθ सुमारे 0.00433. याला 0.15 मिमीने गुणा, 650 नॅनोमीटर येतात. म्हणजे फटीच्या डाव्या कडेची लहर उजव्या कडेच्या लहरीपेक्षा नेमकी एक पूर्ण तरंगलांबी पुढेमागे पोचते. बारा बाण घड्याळाच्या बारा आकड्यांकडे तोंड करून उभे राहतात. बाराचा सहाशी, एकचा सातशी असे सगळे एकमेकांना मारतात आणि बेरीज शून्य. तीच तुमची पहिली काळी जागा.

आणि हे बाण फिरवून बेरीज करणं म्हणजेच

∫ A(x) e^(-2πiux) dx, u = sinθ/λ

इथे A(x) म्हणजे फट: आत 1, बाहेर 0. फोरियर कुठून बाहेरून आणलेला नाही. लहरींची बेरीज लिहायला घेतली की कागदावर तोच उतरतो. सरळ धारेच्या फटीसाठी उत्तर sin(πau)/(πau), आणि डोळ्याला दिसतो त्याचा वर्ग.

पण एक गोष्ट मी वर गुपचूप गाळली. बाण एकसारख्या टप्प्याने फिरतात असं धरलं. खरोखर तसं असतं का, हे तपासलं की तुमच्या मुलीचं उत्तर मिळतं. जेवून येऊन लिहितो.

परभणीची_लेक
सर, असं मध्येच नका ना सोडू!

निवृत्त_मास्तर
आलो. फटीतला बिंदू x, भिंतीवरचा बिंदू X, मधलं अंतर D. पायथागोरसने लांबी काढली तर ती जवळपास

D + X²/2D − Xx/D + x²/2D

एवढी येते. पहिल्या दोन पदांत x नाही, म्हणजे सगळ्या बाणांना ती सारखीच लागतात. सगळे मिळून फिरले तर बेरजेची लांबी बदलत नाही, त्यामुळे ती सोडून द्या. तिसरं पद x च्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे बाण एकसारख्या टप्प्याने फिरतात. हाच फोरियर. चौथं पद x²/2D मात्र त्रासदायक आहे. भिंतीवर कुठेही उभे राहा, ते कडेच्या बाणांना मधल्यापेक्षा जास्त फिरवतं. हे पद नगण्य असलं की "दूरचा पॅटर्न" म्हणायचं. दूर या शब्दाचा एवढाच अर्थ.

आता आकडे घाला. आडव्या दिशेला कड मध्यापासून 0.075 मिमीवर. x²/2D येतं सुमारे 1 नॅनोमीटर. 650 च्या पुढे 1 म्हणजे काहीच नाही. उभ्या दिशेला कड 2 मिमीवर. तिथे तेच पद येतं 667 नॅनोमीटर! एका तरंगलांबीपेक्षाही थोडं जास्त. म्हणजे भिंतीच्या ऐन मध्यावर, जिथे सगळे बाण एका दिशेला हवेत, तिथेही वरच्या आणि खालच्या कडेचे बाण एक पूर्ण गिरकी घेऊन बसलेले. ही फोरियरची बेरीज नाहीच.

म्हणून तुमच्या खोलीत एकच फट आडव्या दिशेला दूर आहे आणि उभ्या दिशेला जवळ. फोरियर लागू पडणं फक्त प्रकाशावर किंवा फटीवर ठरत नाही. ते ठरतं x² ची तुलना λD शी केल्यावर. @गोदाकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. मोठ्या छिद्राने पसारा कमी होतो. पण उभ्या दिशेला डिफ्रॅक्शन होत नाही असं नाही. होतं, फक्त त्याचं रूप वेगळं असतं.

गोदाकाठ
मान्य सर. मग भिंत मागे नेली तर उभ्या दिशेलाही पट्ट्या दिसतील का? किती मागे?

निवृत्त_मास्तर
कडेचा जास्तीचा फरक तरंगलांबीच्या सोळाव्या भागावर आणायचा म्हटलं तर सुमारे 50 मीटर. तेव्हा उभ्या दिशेला पहिली काळी जागा मध्यापासून 8 मिमीवर येईल. पण पॉइंटरचा प्रकाश इतक्या लांब आडवा पसरून अगदी फिका होईल. त्यापेक्षा फटच बुटकी करा. वर आणि खाली आणखी दोन ब्लेड लावा, उंची अर्धा मिलिमीटर ठेवा.

टॉवरवाला_नांदेड
उशिरा आलो. मी मोबाईल टॉवरवर अँटेना बसवायचं काम करतो, पण सरांचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमचं रोजचं काम हेच आहे. टॉवरवरचा पांढरा पॅनल बघितलाय ना? उभा, उंच, कमी रुंदीचा. अगदी मॅडमच्या फटीसारखा. लोकांना वाटतं उंच पॅनल म्हणजे सिग्नल वरखाली लांब पसरत असेल. होतं उलटं. उंच असल्यामुळे वरखाली बीम चपटा होतो, आणि रुंदी कमी असल्यामुळे आडवा ऐसपैस पसरतो. आमचे 65 अंशांचे पॅनल असतात, वरखाली मात्र सहा-सात अंशच. 1800 मेगाहर्ट्झला लहर 16.7 सेंटिमीटरची. 1.4 मीटर उंच पॅनलला हिशेब केला तर 6 अंश येतात, कागदावर छापलेल्याच्या आसपास.

आणि बाजूची जी पहिली पट्टी असते, तिला आम्ही साइडलोब म्हणतो. सगळ्या भागांना सारखी पॉवर दिली तर ती मधल्या बीमपेक्षा 13 डीबी खाली येते. तुमच्या फटीचंही तेवढंच असणार, कारण फटीतही उजेड सगळीकडे सारखा.

निवृत्त_मास्तर
@टॉवरवाला_नांदेड, वा! तेवढंच. 13.3 डीबी म्हणजे मधल्या तीव्रतेच्या 4.7 टक्के. एकच सांभाळा: आडव्या दिशेला पॅनलची रुंदी जेमतेम एका लहरीएवढी असते. तिथे हा साधा हिशेब ढिला पडतो, धातूच्या कडा आणि मागचा पत्रा यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. वरखाली मात्र तुमचं गणित बरोबर चालतं.

टॉवरवाला_नांदेड
हो सर, आडव्याचे 65 अंश मी कंपनीच्या कागदावरूनच घेतो, काढून बघितले नाहीत. साइडलोब कमी करायला मधल्या भागाला जास्त आणि कडेला कमी पॉवर देतात. मग बीम थोडा जाड होतो. फटीत असं करता येतं का?

निवृत्त_मास्तर
येतं. कडेला उजेड हळूहळू कमी होईल अशी व्यवस्था करायची, धारदार ब्लेडऐवजी कडेकडे गडद होत जाणारी फिल्म. बाजूच्या पट्ट्या दबतात आणि मधला भाग रुंदावतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

मांजराकाठ
मंडळी, केलं! मुलींनी काल चार ब्लेडची खिडकी बनवली. पहिल्या वेळी वरचं ब्लेड सरकलं, दुसऱ्या वेळी जमलं. मायक्रोस्कोपखाली 0.15 बाय 0.5 मिमी. भिंतीवर क्रॉस उमटला. आडव्या दिशेला काळ्या जागा 13 मिमीवर, आधीसारख्याच. उभ्या दिशेला पट्टीने मोजलं तर 4 मिमीच्या जरा आत. हिशेबाने 3.9 यायला हवं. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती पाच मिनिटं भिंतीजवळून हललीच नाही. कडेचं पद काढलं तर जेमतेम 10 नॅनोमीटर आलं, म्हणजे आता दोन्ही दिशांना भिंत दूर आहे.

तिचाच पुढचा प्रश्न: आडवा आणि उभा पॅटर्न यांचा गुणाकार असेल तर सगळीकडे चौकटींची जाळी दिसायला हवी, मग फक्त क्रॉस का? हे मात्र मी लगेच सांगू शकले. बाजूची पट्टी 4.7 टक्के. तिरप्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे 4.7 टक्क्यांचे 4.7 टक्के, साधारण 0.22 टक्के. तो तिथे असतो, डोळ्याला दिसत नाही. खोली पूर्ण अंधारी करून मधला भाग काळ्या कागदाने झाकला तेव्हा मला एका कोपऱ्यात अंधूक ठिपका दिसल्यासारखा वाटला. मुलींना दिसला नाही, म्हणून नोंदीत लिहिला नाही.

परभणीची_लेक
मीही घरी करून बघितलं, पण माझ्या पट्ट्या सरळ नाहीत. हाताच्या बोटांसारख्या पसरल्यात, वर जवळजवळ आणि खाली लांब लांब. माझी फट लांब आहे, मॅडमच्या पहिल्या फटीसारखी. लेझर खराब आहे का?

टॉवरवाला_नांदेड
लेझर नाही ताई, ब्लेड समांतर नाहीत तुमचे. फट खाली निमुळती असणार.

निवृत्त_मास्तर
बरोबर ओळखलं. आणि यात एक गंमत आहे. भिंतीवरचा खालचा भाग फटीचा खालचा भागच दाखवतो, म्हणून तर वरखाली फरक दिसला. लांब फट उभ्या दिशेला दूर असती, तर भिंतीवरच्या प्रत्येक बिंदूवर सगळ्या उंचीचा प्रकाश मिसळला असता आणि असा बोटांसारखा पसारा दिसला नसता. तुमची वाकडी फट हाच उभी दिशा जवळ असल्याचा पुरावा आहे.

परभणीची_लेक
सर, खरंच खाली निमुळती निघाली! भिंगातून बघितलं.

ज्वारीचं_कणीस
मला आता कळायलंय. तो दुकानात मिळणारा लेझर, पुढची टोपी फिरवून ठिपका लहानमोठा होणारा, माझ्याकडं आहे. त्याचा ठिपका भिंतीवर बारीक केला आणि लांब फट मध्ये धरली. मग उभी रेघ एकदम आकसून बुटकी झाली, आडव्या पट्ट्या मात्र तशाच. असं कामून झालं?

निवृत्त_मास्तर
कणीसदादा, तुम्ही फार मोलाची गोष्ट केलीत. ठिपका भिंतीवर बारीक केला, म्हणजे फटीवर येणारी लहर आधीच आतल्या बाजूला वाकवली. त्या वाकण्याने कडेच्या बाणांना उलटी गिरकी दिली आणि माझं ते त्रासदायक x²/2D पद कटलं. भिंत 50 मीटर लांब न नेता तुम्ही 3 मीटरवरच तिला दूर केलंत. आता तुमच्या भिंतीवर उभ्या दिशेलाही फोरियरच आहे. फक्त 4 मिमीच्या फटीची पहिली काळी जागा मध्यापासून अर्ध्या मिमीवर येणार, त्यामुळे ती डोळ्याला वेगळी दिसणं कठीण. म्हणून रेघ नुसती आकसल्यासारखी वाटते.

आणि यातूनच एक धोका निघतो. ज्या पॉइंटरचा झोत मुळातच पसरत किंवा आकसत येतो, त्याचा दूरपणा भिंतीच्या अंतरावरून ठरत नाही. मांजराकाठ ताई, तुमच्या पॉइंटरचा झोत फटीशिवाय भिंतीवर केवढा पडतो ते एकदा बघा. फटीपाशी आणि भिंतीवर सारखाच असेल तर माझे आकडे चालतील.

मांजराकाठ
बघितलं. फटीपाशी साधारण 4 मिमी, भिंतीवर साडेचार. चालेल ना?

निवृत्त_मास्तर
चालेल. रेघ फटीएवढीच उंच दिसली हेही त्याच्याशी जुळतं.

गोदाकाठ
एक शंका राहिली. मॅडमच्या खिडकीचा फोटो मी मागवून घेतला आणि संगणकावर उजेड मोजला. बाजूची पहिली पट्टी मधल्याच्या 4.7 टक्के यायला हवी. मला 25 टक्क्यांच्या आसपास येते. मधला भाग पांढरा फटक झालेला नाही, ते तपासलं. मग सूत्र चुकतं का?

टॉवरवाला_नांदेड
सूत्र नाही. फोन फोटो साठवताना अंधाऱ्या भागाला उचलून दाखवतो. आकडा उजेडाच्या प्रमाणात राहतच नाही.

निवृत्त_मास्तर
दिशा बरोबर आहे. नेहमीच्या फोटोतला आकडा साधारण उजेडाच्या 2.2 व्या मुळासारखा धरतात. 4.7 टक्क्यांचं ते मूळ काढलं तर 25 टक्केच येतात. आकडा जुळतो, पण मी यावर पैज लावणार नाही. प्रत्येक फोन स्वतःची वेगळी वळणं लावतो.

गोदाकाठ
सर, जुळलं म्हणून मानायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत वर. फोनच्या वळणाने 25 आले की फटीतच काही गडबड आहे, हे कसं ओळखायचं?

मांजराकाठ
आमच्या लॅबमध्ये एक जुना फोटोसेल आणि मायक्रोअँपिअर मीटर पडून आहे. त्याच्यापुढे अर्धा मिमीची भेग असलेला काळा कागद लावून भिंतीच्या जागी मिमी-मिमीने सरकवायचं, असं मुलींनी ठरवलंय. बाजूच्या पट्टीचा माथा बरोबर मध्ये, 19.5 मिमीवर, असणार असं त्यांनी धरलं होतं. sin(πau)/(πau) चा आलेख काढल्यावर तो 18.6 वर निघाला, आता तिथे वाचन घेणार आहेत. सोमवारी प्रॅक्टिकलचा तास आहे. आकडे आले की इथेच टाकते. @परभणीची_लेक, तुम्ही ब्लेड समांतर कसे लावलेत तेही लिहा, आमचं वरचं अजून सरकतंय.

परभणीची_लेक
दोन्ही ब्लेडच्या मध्ये एकाच कागदाचा तुकडा धरला, टेप लावली आणि मग कागद ओढून काढला. पट्ट्या आता सरळ यायल्यात.